त्रास देणारा आपल्या कंपनीचा नाही, जागाही आपल्या ऑफिसची नाही. मग तक्रार कुठे करायची?

मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. दोन वर्षांपूर्वी एका क्लायंटच्या सिस्टिमचं गो-लाइव्ह होतं म्हणून आम्ही तिघं बेंगळुरूला गेलो होतो. गुरुवारी रात्री क्लायंटने एका हॉटेलात टीम डिनर ठेवलं. परतताना आमच्या कंपनीने बुक केलेल्या कॅबमध्ये क्लायंटचा मॅनेजर 'माझं घर त्याच बाजूला आहे' म्हणत मागच्या सीटवर माझ्या शेजारी येऊन बसला. पुढे ड्रायव्हरशेजारी माझा ज्युनिअर होता. वाटेत त्या माणसाने दोनदा माझ्या मांडीवर हात ठेवला. दुसऱ्यांदा मी दाराकडे सरकले आणि ज्युनिअरला उगाचच डेमोबद्दल मोठ्याने काहीतरी विचारलं. मी रूमवर पोहोचल्यावर, रात्री पावणेबारानंतर, व्हॉट्सअ‍ॅपवर चार मेसेज आले. रूम नंबर काय, फक्त एक ड्रिंक, आणि पुढचे दोन इथे लिहिण्यासारखे नाहीत. सकाळी सहा वाजता बघितलं तर चारही डिलीट केलेले.

(पॉश कायद्याच्या कलम १६ नुसार ओळख पटेल असे तपशील प्रसिद्ध करता येत नाहीत. म्हणून शहर, हुद्दे आणि वेळा मी बदलल्या आहेत. बाकी जे घडलं ते असंच.)

त्या सकाळी मला पडलेला प्रश्न अगदी साधा होता. हा माणूस आमच्या कंपनीचा नाही. हॉटेल आमचं नाही. वेळ ऑफिसची नाही. मग आमची कंपनी याबद्दल काय करणार? मला वाटलं, काहीच नाही. तिथेच मी चुकले. हा लेख त्या चुकीबद्दल आहे, आणि त्या रात्री मी फोनवर काय बरोबर केलं आणि काय चुकवलं त्याबद्दलही.

कॅब आणि हॉटेल हेही 'कामाचं ठिकाण' आहे

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ सालचा. आपण त्याला पॉश म्हणतो. कामाचं ठिकाण म्हणजे काय हे त्याच्या कलम २ मध्ये दिलं आहे, आणि ती व्याख्या ऑफिसच्या भिंतींपाशी संपत नाही. नोकरीच्या निमित्ताने कर्मचारी जिथे जाते ती कोणतीही जागा, आणि त्या प्रवासासाठी कंपनीने दिलेलं वाहन, हे सगळं कामाचं ठिकाण. म्हणजे लोणावळ्याच्या रिसॉर्टमधलं ऑफसाइट, क्लायंटने दिलेलं डिनर, ट्रेड शोमधला स्टॉल आणि एअरपोर्टला नेणारी कॅब, सगळंच त्यात आलं. रात्रीचे मेसेज रूमवर असताना आले म्हणून ते 'खासगी' होत नाहीत. मी त्या रूमवर होते ती कामासाठीच.

आता त्या माणसाचं काय? कायदा तक्रारदार स्त्रीबद्दल आणि 'प्रतिवादी'बद्दल बोलतो. प्रतिवादी म्हणजे जिच्याविरुद्ध तक्रार आहे ती व्यक्ती. ती त्याच कंपनीत नोकरीला असलीच पाहिजे अशी अट त्या व्याख्येत नाही. शिवाय कलम १९ मध्ये मालकाची कर्तव्यं दिली आहेत. त्यातलं पहिलंच असं की कामाच्या ठिकाणी ज्या-ज्या लोकांशी संपर्क येतो त्यांच्यापासूनही कर्मचाऱ्यांना सुरक्षित ठेवायचं. क्लायंट, व्हेंडर, व्हिजिटर, सगळे यात बसतात. हा विचार २०१३ च्याही आधीचा आहे. १९९७ च्या विशाखा निकालातच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की छळ बाहेरच्या माणसाने केला असेल तरी पीडितेला मदत करणं आणि पुढचा त्रास रोखणं ही मालकाची जबाबदारी आहे.

थोडक्यात, 'तो आपला कर्मचारी नाही, आम्ही काय करणार' हे उत्तर कंपनीने देण्यासारखं नाही. पण हे उत्तर मिळतं. मलाही आधी मिळालं.

मॅनेजरला सांगणं म्हणजे तक्रार नव्हे

शुक्रवारी सकाळी मी माझ्या मॅनेजरला फोन केला. तो वाईट माणूस नाही. तो म्हणाला, 'आज डेमो होऊन जाऊ दे, सोमवारी निवांत बसून बोलू.' सोमवारी तो म्हणाला की अकाउंट हेडशी बोलतो. बुधवारी अकाउंट हेड म्हणाले की क्लायंटला 'अनौपचारिकपणे' कानावर घालू. दहा दिवस गेले आणि कागदावर एक ओळ नव्हती.

कायद्याच्या नजरेत तक्रार म्हणजे अंतर्गत समितीकडे लेखी दिलेली तक्रार. दहा किंवा जास्त लोक काम करतात त्या प्रत्येक ठिकाणी ही समिती असावी लागते. तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री असते, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया असतात आणि एक सदस्य कंपनीबाहेरची असते. समितीच्या सदस्यांची माहिती ऑफिसात ठळक जागी लावणं बंधनकारक आहे. आमच्याकडे तो कागद पँट्रीत, कॉफी मशीनच्या मागे होता. एचआर म्हणजे समिती नव्हे, मॅनेजर म्हणजे समिती नव्हे. त्यांना जरूर सांगा, पण घड्याळ थांबतं ते समितीकडे लेखी गेल्यावरच.

हे घड्याळ तीन महिन्यांचं. घटनेच्या दिवसापासून तीन महिन्यांच्या आत तक्रार द्यायची. घटना अनेक असतील तर शेवटच्या घटनेपासून मोजायचं. समितीला कारण पटलं तर ती आणखी जास्तीत जास्त तीन महिने वाढवून देऊ शकते, पण ते तिच्यावर अवलंबून. माझ्यासारखे 'सोमवारी बोलू'मध्ये दिवस घालवू नका.

कंपनीत दहापेक्षा कमी लोक असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. आणि समितीचा पत्ताच लागत नसेल तर केंद्र सरकारच्या `shebox.wcd.gov.in` या पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. तिथून ती संबंधित समितीकडे जाते.

मग चौकशी कोण करणार, त्याची कंपनी की माझी?

हा सगळ्यात गुंतागुंतीचा भाग. माझ्या वेळी आमच्या समितीतही यावर वाद झाला. एका सदस्याचं म्हणणं होतं की तो आपला नोकर नाही, त्यामुळे आपण चौकशी करू शकत नाही. बाहेरच्या सदस्य वकील होत्या. त्या म्हणाल्या, तक्रार तर आपणच घ्यायची, पुढचं बघू. शेवटी आमच्या समितीने माझी तक्रार घेतली, क्लायंटच्या कंपनीला पत्र लिहिलं आणि चौकशी त्यांच्या समितीने केली. म्हणजे मला दोनदा, त्यांच्या लोकांसमोर, त्यांच्या मीटिंग लिंकवर बसून बोलावं लागलं. आमच्या समितीच्या अध्यक्ष दोन्ही वेळा माझ्यासोबत कॉलवर होत्या. त्यामुळे ते जमलं. एकटीने जमलं असतं की नाही, माहीत नाही.

आज हेच प्रकरण असतं तर चित्र वेगळं असतं. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमका हाच मुद्दा निकाली काढला. त्या प्रकरणात दोन्ही अधिकारी सरकारी होते, पण वेगवेगळ्या खात्यांतले. तक्रार स्त्रीच्या खात्यातल्या समितीकडे आली होती आणि समोरच्या अधिकाऱ्याचं म्हणणं होतं की त्याची चौकशी फक्त त्याच्याच खात्याची समिती करू शकते. न्यायालयाने ते मानलं नाही. स्त्री जिथे काम करते तिथली समिती दुसऱ्या ठिकाणच्या माणसाविरुद्धची तक्रार ऐकू शकते, वस्तुस्थिती तपासू शकते आणि अहवाल त्याच्या मालकाकडे पाठवू शकते. पुढची कारवाई त्याचा मालक करतो. चौकशीत माहिती मागितली तर त्याच्या ठिकाणाने सहकार्य करायचं. कारणही न्यायालयाने दिलं: प्रत्येक वेळी स्त्रीला परक्या ऑफिसात जाऊन दाद मागायला लावलं तर कायद्याचा हेतूच हरतो.

म्हणून कोणी 'त्यांच्याकडे जा' म्हणालं तर या निकालाचा उल्लेख करा आणि सांगा की मला इथेच तक्रार द्यायची आहे.

याची मर्यादाही समजून घ्या. तुमची कंपनी दुसऱ्याच्या कर्मचाऱ्याला नोकरीवरून काढू शकत नाही. समोरचा फ्रीलान्सर असेल किंवा स्टॉलवर आलेला कोणी अनोळखी असेल, तर अहवाल पाठवायला त्याचा मालकच नसतो. तिथे कंपनीच्या हातात दोन गोष्टी उरतात. व्हेंडर असेल तर करारानुसार त्या माणसाला कामावरून बाजूला करायला सांगणं किंवा करारच थांबवणं, आणि पोलीस. कलम १९ नुसार तुम्हाला पोलिसांत जायचं असेल तर मदत करणं कंपनीचं कर्तव्य आहे. आणि छळ करणारा कर्मचारी नसेल, तर तुमची इच्छा असल्यास घटना जिथे घडली तिथे फौजदारी कारवाई सुरू करायला लावणं हेही तिचंच कर्तव्य. १ जुलै २०२४ पासून लैंगिक छळाचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ मध्ये आहे. घटना बेंगळुरूत झाली तरी एफआयआर पुण्यातल्या ठाण्यात देता येते. ते ठाणं ती झिरो एफआयआर म्हणून नोंदवतं आणि तिकडे पाठवतं. समिती आणि पोलीस हे दोन वेगळे रस्ते आहेत. एकावर गेल्याने दुसरा बंद होत नाही. आणि त्या क्षणी धोका वाटत असेल तर समिती-बिमिती नंतर, आधी ११२.

त्या रात्री फोनवर मी काय केलं

आता आपल्या साइटचा विषय. समितीपुढे माझ्याकडे जे होतं ते सगळं या एका फोनमधलं होतं.

पहिली गोष्ट बरोबर केली: मेसेज येताच स्क्रीनशॉट घेतले. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणारा आपला मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करू शकतो, आणि त्यासाठी त्याच्याकडे दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ असतो. म्हणजे 'सकाळी बघू' म्हणालात की पुरावा त्याच्या हातात. चॅटला डिसअपिअरिंग टायमर लावलेला असेल तर मेसेज चोवीस तासांतही आपोआप जातात. 'एकदाच बघा' प्रकारच्या फोटोचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅप घेऊ देत नाही. तो उघडण्याआधी दुसरा फोन हाताशी ठेवा आणि त्याने स्क्रीनचा फोटो काढा.

दुसरी गोष्ट नकळत बरोबर झाली: ते स्क्रीनशॉट मी लगेच पुण्यातल्या माझ्या रूममेटला पाठवले. 'हे बघ काय चाललंय, आणि मघाशी कॅबमध्ये' असं सुरू होणारा एक लांबलचक मेसेजही लिहिला. तो रात्री ११:५८ चा होता. तेव्हा मला फक्त कोणाशी तरी बोलायचं होतं. पण चौकशीत त्याचा उपयोग स्क्रीनशॉटपेक्षा जास्त झाला. कॅबमधल्या प्रकाराचा कुठलाच फोटो नव्हता. पण घटनेनंतर तासाभरात मी एका माणसाला सगळं सांगितलं होतं, आणि ते दुसऱ्याच्या फोनमध्ये वेळेसकट पडून होतं. 'नंतर विचार करून रचलं' हा आरोप तिथेच गळून पडला.

आता चुका. स्क्रीनशॉटवर वर फक्त त्याचं नाव दिसत होतं, मी सेव्ह केलेलं. नंबर नव्हता. कोणीही कुठल्याही नंबरला कुठलंही नाव देऊ शकतं, हे त्याच्या बाजूने पहिल्याच सुनावणीत म्हटलं गेलं. चॅटमधल्या नावावर टॅप करून नंबर दिसणाऱ्या पानाचा एक स्क्रीनशॉट घेतला असता तर हा प्रश्नच आला नसता.

दुसरी चूक मोठी. शनिवारी एअरपोर्टवर संतापाच्या भरात मी त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट केलं. तिथे ब्लॉक करून चॅटही डिलीट करायची एक टिक असते. ती मी न वाचता तशीच राहू दिली. संपूर्ण चॅट गेलं. 'हा मेसेज डिलीट केला आहे' असं दाखवणाऱ्या चार खुणाही गेल्या, ज्या स्क्रीनशॉटमधल्या वेळेशी जुळल्या असत्या. शेवटी नंबर सिद्ध करायला आमच्या प्रोजेक्ट ग्रुपचा आधार घ्यावा लागला. तिथे त्याच नावाने, त्याच नंबरवरून त्याचे कामाचे मेसेज होते.

म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी स्क्रीनशॉट नंबरसकट, मग चॅट एक्सपोर्ट, आणि मगच ब्लॉक. ब्लॉक करताना चॅट डिलीट करायची टिक काढून टाका. अँड्रॉइडवर एक्सपोर्ट चॅटच्या तीन टिंबांत `More` आणि त्यात `Export chat` इथे आहे. आयफोनवर वरच्या नावावर टॅप करून खाली गेलात की सापडतं. फोटो किंवा व्हॉइस नोट असतील तर मीडियासकट एक्सपोर्ट करा. समोरच्याने चॅटची जास्तीची प्रायव्हसी चालू केली असेल तर एक्सपोर्ट होत नाही. तेव्हा वरून खालपर्यंत एकामागून एक स्क्रीनशॉट घ्या, प्रत्येकात आधीच्यातला शेवटचा मेसेज पुन्हा दिसेल असे.

एक्सपोर्ट केलेली फाइल स्वतःच्या खासगी ईमेलवर पाठवून ठेवा. कंपनीच्या ड्राइव्हवर एकमेव प्रत ठेवू नका, नोकरी सोडली की तो ड्राइव्ह आपला राहत नाही. फक्त क्लायंटची कामाची कागदपत्रं खासगी मेलवर नेऊ नका, नाहीतर विषय भलतीकडे जातो.

समितीला कोर्टासारखे पुराव्याचे कडक नियम लागत नाहीत. पण प्रकरण पुढे पोलिसांत जाऊ शकतं असं वाटत असेल तर आणखी एक पाच मिनिटांचं काम करून ठेवा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार डिजिटल पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावं लागतं त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू विचारतात. हॅश म्हणजे फाइलच्या बोटांचा ठसा. आत एक अक्षर बदललं तरी ठसा पूर्ण बदलतो. विंडोज लॅपटॉपवर पॉवरशेलमध्ये हे चालवा:

```
Get-FileHash chat.zip
```

जे लांब उत्तर येईल ते कॉपी करून त्याच दिवशी स्वतःला मेल करा. पुढे कधीही दाखवता येतं की फाइल तेव्हापासून बदललेली नाही.

फोनबाहेरही पुरावा असतो, आणि तो लवकर नासतो. कॅब अ‍ॅपमधल्या ट्रिपचा स्क्रीनशॉट घ्या. वेळ, मार्ग, गाडी, सगळं त्यात येतं. हॉटेलचं सीसीटीव्ही फुटेज काही दिवसांनी त्यावरच नवीन रेकॉर्ड होऊन पुसलं जातं. हॉटेल पाहुण्याला फुटेज देणार नाही, पण तुम्ही ईमेल करून 'अमुक तारखेचं, अमुक वेळेचं, लॉबीचं फुटेज जपून ठेवा' असं सांगू शकता, आणि समितीला तेच पत्र लगेच पाठवायला सांगू शकता. समितीला कागदपत्रं मागवण्याचे आणि साक्षीदारांना बोलावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. माझ्या बाबतीत तक्रार बाराव्या दिवशी गेली. तोवर हॉटेलकडे त्या रात्रीचं काही उरलं नव्हतं.

तक्रार कशी लिहावी

माझ्या पहिल्या मसुद्यात रागच जास्त होता. 'तो सतत घाणेरडं वागत होता' अशी वाक्यं होती. बाहेरच्या सदस्यांनी तो परत करून एवढंच सांगितलं: काय घडलं ते कॅमेऱ्याने बघितल्यासारखं लिही. लिहिणं जमत नसेल तर मदत करणं हेही समितीचं काम आहे, हे मला तेव्हाच कळलं. शेवटी मधला भाग साधारण असा झाला:

> गुरुवार, रात्री साधारण १०:५०. डिनरहून परतताना कंपनीने बुक केलेल्या कॅबमध्ये मी मागे डावीकडे, ते मागे उजवीकडे, माझे सहकारी पुढे बसले होते. गाडी सुरू झाल्यावर दहाएक मिनिटांनी त्यांनी माझ्या उजव्या मांडीवर हात ठेवला. मी हात बाजूला केला. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा हात ठेवला. मी दाराकडे सरकले आणि सहकाऱ्याशी मोठ्याने बोलायला लागले. ११:४६ ते ११:५३ या वेळात त्यांच्या नंबरवरून मला चार मेसेज आले (स्क्रीनशॉट १ ते ४). मी उत्तर दिलं नाही. ११:५८ ला मी हे माझ्या रूममेटला कळवलं (स्क्रीनशॉट ५).

खाली साक्षीदारांची नावं, सोबतच्या फाइल्सची यादी आणि मला काय हवं आहे ते. नियमांप्रमाणे तक्रारीच्या सहा प्रती द्यायच्या असतात. आमच्याकडे ईमेलने पीडीएफ चालली, पण विचारून घ्या.

'मला काय हवं आहे' हा भाग लोक विसरतात. चौकशी चालू असताना तात्पुरता दिलासा मागता येतो आणि तो लेखी मागावा लागतो. मी दोन गोष्टी मागितल्या. एक, त्याच्यासोबतचे कॉल मी घेणार नाही. दुसरी जास्त महत्त्वाची होती: आमच्या अप्रेझलमध्ये क्लायंटच्या फीडबॅकला गुण असतात, आणि माझा फीडबॅक हाच माणूस भरायचा. समितीने तो दुसऱ्या लीडकडून घ्यायला लावला. हे मागितलं नसतं तर चौकशी एकीकडे चालली असती आणि त्याच महिन्यात त्याच्याच हातचे आकडे माझ्या रेटिंगमध्ये पडले असते. तीन महिन्यांपर्यंतची रजाही मागता येते. मी घेतली नाही, मला काम सोडून घरी बसायचं नव्हतं.

पुढे काय होतं

तक्रार मिळाल्यावर समितीने सात कामाच्या दिवसांत तिची प्रत समोरच्याला द्यायची. त्याने दहा कामाच्या दिवसांत उत्तर द्यायचं. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. संपल्यावर दहा दिवसांत अहवाल द्यायचा, आणि मालकाने साठ दिवसांत शिफारशींवर कृती करायची. म्हणजे सगळं वेळेत झालं तरी पाच-सहा महिने. हे आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर दर आठवड्याला वाटतं की प्रकरण दाबलं. मध्ये कोणी समेट सुचवला तर लक्षात ठेवा: समेट फक्त तुम्ही मागितलात तरच होऊ शकतो, आणि पैसे हा त्याचा पाया असू शकत नाही.

सगळ्यात मोठी भीती माझ्या मनात होती ती ही की सिद्ध झालं नाही तर मीच खोटी ठरेन. कायद्यात खोट्या तक्रारीवर कारवाईचं कलम आहे, कलम १४. पण त्यातच स्पष्ट म्हटलं आहे की केवळ तक्रार सिद्ध करता आली नाही किंवा पुरेसा पुरावा देता आला नाही म्हणून कारवाई होत नाही. जाणूनबुजून खोटं बोलल्याचं वेगळ्या चौकशीत ठरावं लागतं. माझ्या ज्युनिअरने सांगितलं की त्याने हात बघितला नाही, फक्त मी अचानक मोठ्याने बोलायला लागले आणि आवाज विचित्र होता एवढं आठवतं. मला आधी वाईट वाटलं की त्याने जास्त काही सांगितलं नाही. नंतर कळलं, त्याने जेवढं खरं होतं तेवढंच सांगितलं म्हणूनच त्याचं म्हणणं टिकलं. ते रूममेटच्या मेसेजमधल्या वर्णनाशी जुळत होतं.

निकालाचे तपशील मला लिहिता येणार नाहीत. एवढं सांगते की तक्रार मान्य झाली आणि तो माणूस आमच्या प्रोजेक्टवर नाही. आमच्या कंपनीला जी भीती होती की अकाउंट जाईल, ते गेलं नाही.

शेवटी एक पोकळी आहे ती सांगायलाच हवी. पॉश कायद्याखाली तक्रारदार फक्त स्त्री असू शकते. तोच प्रकार माझ्या ज्युनिअरबरोबर झाला असता तर त्याला कंपनीच्या स्वतःच्या धोरणावर अवलंबून राहावं लागलं असतं. काही कंपन्यांचं धोरण सगळ्यांसाठी असतं, काहींचं नसतं. आमचं कसं आहे हे आम्ही दोघांनी मिळून शोधलं, आणि ते फक्त स्त्रियांपुरतंच निघालं. गेल्या महिन्यात ते बदलावं म्हणून आम्ही दोघांनी समितीला मेल केला आहे.

पुढच्या ट्रिपची बॅग भरताना तुम्ही एकच करा. पँट्रीतल्या त्या कागदाचा फोटो काढा आणि समितीचा ईमेल फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. रात्री पावणेबाराला तो शोधायची वेळ येऊ नये.